खात्यात मोठी रक्कम आली आणि बँकेने विचारलं, "पैसे कुठून आले?" : वारसाहक्काच्या पैशाचा हिशोब बँकेला कसा द्यावा

बँकेकडून पत्र येतं. आपल्या खात्याची केवायसी माहिती अद्ययावत करायची आहे, आणि अमुक तारखेला जमा झालेल्या रकमेचा स्रोत कागदपत्रांसह कळवावा, असं त्यात असतं. घरात लगेच काळजी सुरू होते. कुणी म्हणतं, आपल्याच खात्यावर का डोळा? कुणी सांगतं, भावाने दिले म्हणून सांगून टाक, संपला विषय. विषय बहुतेक वेळा याच उत्तराने लांबतो.

आपल्या समाजात अशी पत्रं बऱ्याचदा घरातल्या बायकांच्या नावाने येतात, कारण त्यांच्या खात्यात एरवी फार उलाढाल नसते आणि वडिलांच्या मिळकतीतला हिस्सा एकदम येतो. म्हणून या लेखात तेवढीच एक गोष्ट घेतली आहे : वडिलांचं घर विकलं गेलं, बहिणीचा हिस्सा भावाच्या खात्यातून तिच्या खात्यात आला, आणि बँकेने विचारणा केली. अशा वेळी काय सांगायचं, कोणते कागद जोडायचे आणि कुठे चूक होते, ते क्रमाने पाहू.

बँक का विचारते?

२००२ च्या मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनी प्रत्येक बँकेवर हे काम टाकलं आहे. खातं उघडताना आपण फॉर्मवर व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न लिहितो. त्यावरून बँक खात्याला कमी, मध्यम किंवा जास्त जोखीम अशा एका गटात ठेवते. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीची आठ वर्षांतून एकदा आणि जास्त जोखमीची दोन वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासावी लागते. शिवाय खात्यातले व्यवहार त्या फॉर्मशी जुळतात का, हेही बँकेला पाहत राहावं लागतं.

आता विचार करा. फॉर्मवर 'गृहिणी, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत' असं आहे. महिन्याला आठ-दहा हजार येतात आणि खर्च होतात. अशा खात्यात एके दिवशी पाच लाख आले तर ते वेगळं दिसणारच. बँकेचा प्रश्न तुमच्यावरचा आरोप नसतो. फॉर्मवरचं चित्र आणि खात्यातलं चित्र जुळत नाही, ते कसं जुळतं ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ.

एक सावधगिरी मात्र आधी घ्या. केवायसीच्या नावाने मोबाइलवर येणाऱ्या लिंकवर कधीच माहिती भरू नका. पत्र किंवा संदेश आला की पासबुक घेऊन सरळ आपल्या शाखेत जा आणि तो बँकेनेच पाठवला आहे का, ते विचारा.

'भावाने दिले' हे उत्तर अर्धवट का?

भावाचं खातं हा पैशाचा शेवटचा मुक्काम आहे. स्रोत म्हणजे पैसा मुळात जिथे तयार झाला ती जागा. भावाने दिले म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : भावाकडे कुठून आले? तो काय करतो? त्याचं उत्पन्न किती? भावाचं किराणा दुकान असेल आणि त्याने बहिणीला पाच लाख पाठवले असतील, तर बँकेसाठी कोडं सुटत नाही, उलट वाढतं.

म्हणून उत्तर सुरुवातीपासून द्यायचं. वडिलांच्या नावाची मिळकत, वडिलांचा इंतकाल, वारसांची नोंद, विक्री, विक्रीची रक्कम कोणाच्या खात्यात आली, त्यातून माझा हिस्सा किती, आणि तो माझ्या खात्यात कधी व कसा आला. या साखळीतल्या प्रत्येक कडीला एक कागद लागतो. एकही कडी मोकळी राहिली की प्रश्न तिथेच अडतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत वडिलांच्या नावाचं जुनं घर होतं. २०१९ मध्ये वडील वारले. मागे अम्मी, दोन मुलगे आणि दोन मुली. वडिलांवर कर्ज नव्हतं, वसीयत नव्हती आणि त्यांचे आईवडील आधीच गेलेले. सगळ्यांच्या सहमतीने घर ४८ लाखांना विकलं. खरेदीखतावर पाचही जणांच्या सह्या झाल्या, पण सोयीसाठी सगळी रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात आरटीजीएसने घेतली.

आता वाटणी. मुलं-बाळं असताना पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे अम्मीला ६ लाख. उरले ४२ लाख. मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात दोन मुलांचे चार भाग आणि दोन मुलींचे दोन, असे एकूण सहा भाग झाले. एक भाग ७ लाखांचा. म्हणजे प्रत्येक मुलाला १४ लाख आणि प्रत्येक मुलीला ७ लाख. बेरीज करून पाहा : ६ अधिक २८ अधिक १४, बरोबर ४८.

पण धाकट्या बहिणीच्या खात्यात ७ लाख आले नाहीत. थकलेली घरपट्टी, वकिलाची फी आणि कागदपत्रं मिळून ९६ हजारांचा खर्च भावाने आधी केला होता. तो हिश्शाप्रमाणे वाटला तर तिच्या वाट्याला १४ हजार येतात. म्हणजे तिला मिळायचे ६,८६,०००. भावाने त्यातले ५,००,००० एप्रिलमध्ये आणि १,८६,००० जूनमध्ये पाठवले.

बँकेच्या टेबलावर नेमकी इथेच गाडी अडते. कागद सांगतात ७ लाख, खात्यात दोन हप्ते, आणि त्यांची बेरीज ७ लाख होत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला आपल्या घरचा खर्च माहीत नसतो. १४ हजारांचा फरक एका ओळीत लिहून दिला की तो प्रश्न संपतो. लिहिला नाही तर सगळी साखळीच संशयात येते.

कोणते कागद जोडायचे

पहिला कागद वडिलांचा मृत्यू दाखला. दुसरा, घर वडिलांचं होतं हे दाखवणारी मिळकत पत्रिका. नगर भूमापन झालेल्या भागात ती भूमापन कार्यालयातून मिळते, शेतजमीन असेल तर तिच्या जागी सातबारा येतो. तिसरा, वारस नोंदीचा फेरफार. बहिणीचं नाव वारस म्हणून लागलं होतं, हे सांगणारा हाच कागद. बहीण आणि ही मिळकत यांचं नातं दुसऱ्या कुठल्याच कागदातून इतकं स्पष्ट होत नाही.

चौथा, नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत आणि त्याची सूची क्रमांक दोन. लोक तिला 'इंडेक्स टू' म्हणतात. तिच्यात विकणाऱ्यांची नावं, घेणाऱ्याचं नाव, किंमत आणि नोंदणीची तारीख एकाच पानावर असते, म्हणून बँकेचा अधिकारी आधी तीच पाहतो. पाचवा, थोरल्या भावाच्या खात्याचा उतारा. त्यात ४८ लाख जमा झाल्याची ओळ आणि बहिणीला पैसे पाठवल्याच्या दोन ओळी दिसायला हव्यात. भावाला बाकीचे व्यवहार दाखवायचे नसतील, तर त्याने आपल्या शाखेतून त्या तारखांपुरता शिक्क्यासह उतारा घ्यावा.

सहावा कागद म्हणजे घरातल्या वाटणीचं पान. ते आपण स्वतः तयार करायचं. वर केला तसा हिशोब साध्या भाषेत लिहायचा, पाचही जणांनी सही करायची आणि तारीख घालायची. मात्र तारीख सही केली त्या दिवसाचीच घाला. बँकेचं पत्र आल्यावर पान लिहिलं असेल तर मागची तारीख टाकू नका. 'वाटणी एप्रिलमध्ये तोंडी ठरली होती, ती आज लिहून देत आहोत' असं लिहिण्यात काहीच कमीपणा नाही.

नावांचंही बघून घ्या. फेरफारात माहेरचं नाव, आधारवर सासरचं नाव, आणि पॅनवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. तसं असेल तर निकाहनामा किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जोडा, आणि ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. निकाहनामा उर्दूत असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत लावा. शाखेत उर्दू वाचणारा कुणी असेलच असं नाही.

पत्र कसं लिहायचं

पत्र एका पानाचं असावं, तारखेच्या क्रमाने असावं आणि त्यात विनवण्या नसाव्यात. वरच्या उदाहरणातल्या बहिणीचं पत्र साधारण असं होईल :

"माझ्या बचत खात्यात एप्रिलमध्ये ५,००,००० रुपये आणि जूनमध्ये १,८६,००० रुपये जमा झाले. ही रक्कम माझ्या मरहूम वडिलांच्या घराच्या विक्रीतला माझा वारसाहक्काचा हिस्सा आहे. वडील २०१९ मध्ये वारले. वारस म्हणून माझं नाव फेरफारात लागलं आहे. घर ४८,००,००० रुपयांना नोंदणीकृत खरेदीखताने विकलं. विक्रेत्यांत माझंही नाव आहे. सर्व वारसांच्या संमतीने पूर्ण रक्कम माझ्या मोठ्या भावाच्या खात्यात घेतली होती. माझा हिस्सा ७,००,००० रुपये. त्यातून सामाईक खर्चातले माझे १४,००० रुपये वजा जाऊन ६,८६,००० रुपये मला दोन वेळा मिळाले. अशी रक्कम दरवर्षी येणार नाही. माझं नेहमीचं उत्पन्न आणि व्यवसाय यांत बदल नाही. कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

प्रत्यक्ष पत्रात नेमक्या तारखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घाला. शेवटून दुसरं आणि तिसरं वाक्य गाळू नका. ही रक्कम एकदाच आली आहे आणि पुढे खातं पूर्वीसारखंच चालेल, हे बँकेला त्यातून कळतं. पत्राच्या दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. मूळ कागद दाखवून परत आणा, शाखेत फक्त सही केलेल्या झेरॉक्स ठेवा.

हिस्सा असेल तर 'हिबा' लिहू नका

घाईत बरेच जण सोपा रस्ता काढतात. भावाकडून स्टॅम्पवर 'मी बहिणीला बक्षीस दिले' असं लिहून घेतात. भाऊ-बहीण आयकराच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक असल्याने अशा बक्षिसावर बहिणीला कर लागत नाही, हे खरं. वारसाहक्काने मिळालेल्या मिळकतीवरही लागत नाही. मग फरक काय, असं वाटतं.

फरक मोठा आहे. बहिणीने 'बक्षीस' म्हटलं की त्याचा अर्थ होतो, ते पैसे आधी भावाचे होते. मग पूर्ण ४८ लाख भावाचे ठरतात. घर विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्याचा हिशोब खरं तर पाचही वारसांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे करायचा असतो. तो सगळा एकट्या भावाच्या अंगावर येऊ शकतो. शिवाय खरेदीखतात बहीण विक्रेती आहे आणि स्टॅम्पवर ती बक्षीस घेणारी आहे, म्हणजे एकाच पैशाच्या दोन गोष्टी झाल्या. दोन वेगळ्या बँकांत भावाने एक आणि बहिणीने दुसरी गोष्ट सांगितली, की खरा व्यवहारही खोटा दिसायला लागतो.

आणि कराच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. बहिणीचा हिस्सा हा तिचा हक्क आहे. कुरआनने तो सूरह निसामध्ये ठरवून दिला आहे. जो हक्क आहे त्याला कागदावर मेहरबानी करून ठेवू नये. उद्या घरात वाद झाला तर हाच स्टॅम्प पेपर तिच्यासमोर धरला जाईल.

हक्कसोडपत्र झालं असेल तर

सगळ्यात अवघड प्रकार हा. विक्री लवकर व्हावी म्हणून बहिणींकडून आधी हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. "सही करून दे, पैसे आले की तुझा हिस्सा देतो," असं तोंडी ठरतं. भाऊ नेक असतो, पैसे देतोही. पण आता खरेदीखतात बहिणीचं नाव नाही, आणि हक्कसोडपत्रात 'कोणताही मोबदला न घेता' असं छापील वाक्य आहे. कागदाप्रमाणे तिचा हक्क विक्रीच्या आधीच संपलेला आहे.

अशा वेळी हक्कसोडपत्र लपवू नका. फेरफारात त्याची नोंद असते आणि ती दिसणारच. पत्रात घडलं तसं लिहा : अमुक तारखेला मी हक्कसोड केला, नंतर भावांनी घर विकलं, आणि घरात ठरल्याप्रमाणे माझ्या हिश्शाइतकी रक्कम मला दिली. भावानेही याच मजकुराचं पत्र द्यावं. बँकेच्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळतं, कारण पैशाची वाट पूर्ण दिसते. मात्र कागदाप्रमाणे ही रक्कम आता भावाने दिलेली ठरू शकते. करात ती कशी धरायची ते विवरणपत्र भरण्याआधी सीएला हक्कसोडपत्र दाखवूनच ठरवा.

ज्यांची विक्री अजून व्हायची आहे, त्यांनी हा गुंताच टाळावा. बहिणीचं नाव विक्रेत्यांत ठेवा. खरेदीखतात प्रत्येक वारसाची रक्कम वेगळी लिहा आणि घेणाऱ्याकडून प्रत्येकाच्या खात्यात वेगळा चेक किंवा आरटीजीएस घ्या. बहीण परगावी असेल तर सहीसाठी एक दिवसाची फेरी होते. पण मग बँकेला दाखवायला खरेदीखताची एक प्रत पुरते.

रोख आली असेल तर

घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात मनाई आहे, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. तरीही काही व्यवहारांत कागदावर एक किंमत असते आणि वरची रक्कम हातात दिली जाते. ती खात्यात भरली की तिला साखळीतला एकही कागद आधार देत नाही.

अशा वेळी कुणी सल्ला देतं, थोडे थोडे करून भरा. हा सल्ला ऐकू नका. दहा लाखांवरच्या रोख व्यवहाराची माहिती बँक सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे पाठवते. एकमेकांशी जोडलेले छोटे व्यवहार एका महिन्यात मिळून दहा लाखांवर गेले, तर त्यांचीही जाते. आणि व्यवहार संशयास्पद वाटला तर रकमेला खालची मर्यादाच नाही. तसा अहवाल गेला हे बँक तुम्हाला सांगू शकत नाही, कायद्यानेच तिला मनाई आहे. तुकडे करून भरणं हेच संशयाचं मोठं कारण ठरतं. रोख आधीच भरली गेली असेल तर तिच्यासाठी 'जुनी बचत' किंवा 'दागिने विकले' अशी गोष्ट रचू नका. सीए किंवा वकिलाकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने लेखी उत्तर द्या.

मुदत आणि तक्रार

पत्रातली मुदत आधी पाहा. मिळकत पत्रिका किंवा इंडेक्स टू मिळायला वेळ लागणार असेल, तर गप्प बसू नका. आहेत तेवढे कागद आणि 'उरलेले अमुक तारखेपर्यंत देते' असा अर्ज द्या. खातं थांबवलं जातं ते बहुतेक वेळा उत्तर चुकलं म्हणून नाही, उत्तरच आलं नाही म्हणून. ठरलेल्या मुदतीतल्या केवायसीसाठी तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँकेने मुदतीआधी किमान तीन सूचना द्याव्यात आणि त्यातली एक तरी पत्राने असावी. पत्ता बदलला असेल तर ही पत्रं जुन्या घरी जाऊन पडतात. तेवढं आधी दुरुस्त करून घ्या. पत्ता, व्यवसाय, उत्पन्न यांत काहीच बदल नसेल, तर नियमित केवायसीला साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. स्रोताचं पत्र मात्र त्याहून वेगळं, ते स्वतंत्र द्यावं लागतं.

सगळं देऊनही खातं अडकून राहिलं, तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला फी नाही. तिथे तुमची बाजू उभी राहते ती शिक्का मारलेल्या त्या पत्रावर. ते पत्र, वाटणीचं पान आणि इंडेक्स टू एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे याच पैशातून घर घ्याल, हजला जाल किंवा लेकीच्या शिक्षणासाठी मोडाल, तेव्हाही कुणी तरी हाच प्रश्न पुन्हा विचारेल.